वाय-फाय कॉलिंग सुरू असूनही घरात फोन लागत नाही: दोष कुठे आहे ते कसे शोधावे

घराबाहेर मोबाइलला पुरेशी रेंज असते, पण आतल्या खोलीत शिरताच सिग्नलची एकच दांडी उरते, बोलताना आवाज तुटतो आणि पलीकडच्या माणसाला ‘आपण डायल केलेला क्रमांक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे’ असे ऐकू येते. जाड भिंती, काँक्रीटचे स्लॅब, तळघर किंवा धातूचा थर असलेल्या काचा ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशा घरात इंटरनेटची जोडणी चांगली असेल, तर वाय-फाय कॉलिंग हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सोपा ठरतो, कारण त्यात वेगळे ॲप लागत नाही, क्रमांक तोच राहतो आणि समोरच्या माणसाला काहीही बदलावे लागत नाही. अडचण अशी की, सेटिंग्जमधले बटण चालू केल्यावरही अनेकांची तक्रार पुन्हा पुन्हा डोके वर काढते: दोन दिवस फोन नीट लागतो, मग बंद पडतो, किंवा आपण लावलेला फोन लागतो, पण आलेला वाजतच नाही. हे लेखन मुख्यतः या दुसऱ्या तक्रारीबद्दल आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा फोनमध्ये नसून राउटरमध्ये असते आणि नेमके तिथे कोणी पाहत नाही.

आधी यंत्रणा थोडक्यात

बटण चालू केल्यावर फोन नेमके काय करतो हे माहीत असले, की पुढच्या चाचण्यांचा अर्थ आपोआप लागतो. फोन घरच्या वाय-फायवरून मोबाइल कंपनीच्या एका प्रवेशद्वारापर्यंत पोहोचतो. या प्रवेशद्वाराला ‘ईपीडीजी’ म्हणतात. तिथे सिमकार्डच्या आधारे ओळख पटवली जाते, म्हणून आपल्याला कुठलाही पासवर्ड टाकावा लागत नाही. ओळख पटली की फोन आणि ते प्रवेशद्वार यांच्यात सांकेतिक रूपातला एक बंदिस्त मार्ग, म्हणजे आयपीसेक टनेल, तयार होतो. हा टनेल यूडीपी, म्हणजे माहितीची छोटी पॅकेटे पोच न मागता पाठवण्याच्या पद्धतीने, पोर्ट 500 आणि 4500 वापरतो. त्यातून फोन कंपनीच्या कॉल यंत्रणेकडे स्वतःची नोंदणी करतो, आणि ही नोंदणी पूर्ण झाल्यावरच कंपनीला कळते की या क्रमांकावर आलेला फोन टॉवरकडे न पाठवता या टनेलमधून पाठवायचा आहे.

म्हणजे साखळीत चार दुवे आहेत: सिमवर सुविधा सुरू असणे, फोनने वाय-फायचा मार्ग निवडणे, टनेल उभा राहणे, आणि तो तासन्‌तास टिकून राहणे. पहिले तीन दुवे तुटले तर वाय-फाय कॉलिंग अजिबात चालत नाही, त्यामुळे दोष लगेच लक्षात येतो. चौथा दुवा तुटला तर मात्र सगळे चालल्यासारखे दिसते आणि फोन तेवढे येत नाहीत.

बटण कुठे असते आणि ते पुरेसे का नसते

आयफोनमध्ये हे बटण Settings > Apps > Phone > Wi-Fi Calling येथे असते. iOS 18 च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये मधला Apps हा टप्पा नाही. सॅमसंगमध्ये Settings > Connections > Wi-Fi Calling येथे ते सापडते. बहुतेक इतर अँड्रॉइड फोनमध्ये Settings > Network & internet > SIMs या वाटेने जाऊन आपले सिम निवडले की खाली Wi-Fi calling दिसते. मेनूची रचना कंपनीनुसार बदलते, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत Wi-Fi calling असे टाइप करणे हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे. फोनमध्ये दोन सिम असतील तर प्रत्येक सिमसाठी हे बटण स्वतंत्रपणे चालू करावे लागते. पहिल्या सिमवर ते चालू करून दुसऱ्या सिमच्या क्रमांकाची तक्रार करणारे लोक बरेच भेटतात.

शोधूनही हे बटण दिसतच नसेल, तर फोनमध्ये आणखी खोदत बसण्यात अर्थ नाही. मोबाइल कंपनीने त्या सिमवर सुविधा सुरू केलेली नाही किंवा फोनचे ते मॉडेल कंपनीने मान्य केलेले नाही, असा त्याचा अर्थ असतो. दुसऱ्या देशाच्या बाजारपेठेसाठी बनवलेल्या फोनमध्ये हे वारंवार घडते: यंत्र सक्षम असते, पण कंपनीसाठी लागणाऱ्या सेटिंग्जचा संच त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये नसतो. अशा वेळी सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, कंपनीच्या ग्राहक सेवेकडे त्या मॉडेलबद्दल विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर तिथेच थांबावे. त्याच जागी व्होल्टी, म्हणजे 4G वरून कॉल करण्याची सुविधा, चालू आहे ना हेही पाहून घ्यावे. दोन्ही सुविधा कंपनीच्या एकाच कॉल यंत्रणेवर चालतात, आणि बोलता बोलता घराबाहेर पडल्यावर कॉल टॉवरकडे सोपवायचा असेल तर व्होल्टी चालू असावे लागते. ते नसेल तर उंबरठा ओलांडून वाय-फाय सुटले की कॉल तुटतो.

आता दुसरा दुवा. बटण चालू आहे म्हणजे फोन वाय-फायवरूनच कॉल करील असे नाही. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये Calling preference नावाचा पर्याय असतो आणि त्यात मोबाइल नेटवर्कला प्राधान्य दिलेले असू शकते. मग रेंज कितीही वाईट असली तरी ती पूर्ण जाईपर्यंत फोन टॉवरलाच चिकटून बसतो. रेंज मुळीच नसलेल्या घरापेक्षा जेमतेम रेंज असलेल्या घरात वाय-फाय कॉलिंगचा त्रास जास्त होतो, त्याचे कारण हेच आहे. 4G सिग्नलची ताकद उणे 115 ते उणे 120 डीबीएमच्या आसपास रेंगाळत असेल, तर फोनच्या दृष्टीने टॉवर अजून ‘आहे’, पण बोलण्याच्या दृष्टीने तो जवळपास निरुपयोगी असतो. त्यामुळे या पर्यायात वाय-फायला प्राधान्य देणारी ओळ निवडावी. आयफोनमध्ये असा पर्याय दिलेला नाही. तिथे निर्णय फोन स्वतः घेतो.

एअरप्लेन मोडची चाचणी

मी कुणाच्याही घरी ही तक्रार पाहायला गेलो की आधी हीच चाचणी करतो, कारण तिने निम्म्या शंका एका झटक्यात बाद होतात. एअरप्लेन मोड चालू करावा, मग वाय-फाय बंद झाले असल्यास तेवढेच पुन्हा चालू करावे आणि एक-दोन मिनिटे थांबावे. आता फोनचा टॉवरशी कसलाही संबंध उरलेला नाही, त्यामुळे या अवस्थेत जो कॉल लागेल तो निःसंशय वाय-फायवरूनच लागलेला असेल. आयफोनवर मोबाइल कंपनीच्या नावापुढे Wi-Fi असे दिसू लागते. अँड्रॉइडवर फोनच्या चिन्हाजवळ वाय-फायच्या लहरी किंवा VoWiFi अशी अक्षरे दिसतात, मात्र काही फोनमध्ये यांपैकी काहीच दिसत नाही.

अशा वेळी अँड्रॉइडच्या डायलपॅडवर पुढील कोड टाकून पाहावा. काही उत्पादकांनी तो बंद केलेला असतो, पण जिथे चालतो तिथे फार उपयोगी पडतो.

```
*#*#4636#*#*
```

उघडलेल्या पानावर Phone information निवडून, वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून IMS Service Status उघडावे; IMS म्हणजे कंपनीची तीच कॉल यंत्रणा. तिथे IMS Registration समोर Registered आणि Voice over WiFi समोर Available असे असेल, तर नोंदणी झाली आहे आणि टनेल उभा आहे. या पानावर फक्त वाचावे. तिथली इतर बटणे विनाकारण दाबू नयेत.

एअरप्लेन मोडमध्ये फोन लागला, पण तो मोड काढल्यावर पुन्हा आवाज तुटू लागला, तर दोष प्राधान्यक्रमाचा आहे आणि त्याचा उपाय वर आलेला आहे. प्राधान्याचा पर्यायच नसलेल्या फोनवर, घरात असेपर्यंत एअरप्लेन मोड आणि वाय-फाय असे दोन्ही चालू ठेवणे हा दिसायला ओबडधोबड, पण चोख चालणारा मार्ग आहे. मात्र फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग नसलेले दुसरे सिम असेल, तर ते तेवढा वेळ पूर्णपणे मुके होईल हे लक्षात ठेवावे.

एअरप्लेन मोडमध्ये फोन लागलाच नाही, तर प्रश्न असा उरतो की टनेल फोनमुळे उभा राहत नाही की घरच्या जोडणीमुळे. त्यासाठी घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून, शक्यतो दुसऱ्या मोबाइल कंपनीच्या सिमवरून, तीच चाचणी पुन्हा करावी. रेंज नसेल तर ती बाल्कनीत किंवा दाराबाहेर उभे राहून करावी. हॉटस्पॉटवर नोंदणी झाली आणि घरच्या वाय-फायवर झाली नाही, तर दोष घरच्या जोडणीत आहे. दोन्हीकडे झाली नाही, तर तो फोनमध्ये किंवा सिमच्या सुविधेत आहे. फोनवर व्हीपीएन ॲप चालू असेल तर ही चाचणी करण्याआधी ते बंद करावे, कारण काही व्हीपीएन हा टनेल अडवतात, आणि काही मोबाइल कंपन्या परदेशातील आयपी पत्त्यावरून आलेली नोंदणी स्वीकारत नाहीत.

घरच्या जोडणीवर संशय आला तर आणखी एक बारीक तपासणी करता येते. अनेक कंपन्यांच्या प्रवेशद्वाराचे नाव एका ठरावीक साच्यात असते. घरात जाहिराती अडवणारा डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, वापरला जात असेल, तर क्वचित हे नावही त्याच्या चाळणीत अडकते. त्याच वाय-फायवर असलेल्या संगणकावरून पुढील आज्ञा द्यावी. त्यात NNN च्या जागी आपल्या कंपनीचा नेटवर्क क्रमांक, म्हणजे एमएनसी, आणि CCC च्या जागी देशाचा तीन अंकी मोबाइल संकेतांक, म्हणजे एमसीसी, घालावा. नेटवर्क क्रमांक दोन अंकी असेल तर त्याच्या आधी शून्य जोडावे.

```
nslookup epdg.epc.mncNNN.mccCCC.pub.3gppnetwork.org
```

उत्तरात आयपी पत्ते आले तर डीएनएस ठीक आहे. पत्ता आला नाही आणि डीएनएस बदलल्यावर तो येऊ लागला, तर दोष सापडला. काही कंपन्या वेगळे नाव वापरतात, त्यामुळे दोन्ही डीएनएसवर उत्तर आले नाही तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

लावलेला फोन लागतो, आलेला वाजत नाही

आता मुख्य मुद्दा. माझ्या एका मावशीच्या घरी हेच चालले होते. तळमजल्यावरचे घर, जुन्या पद्धतीच्या जाड भिंती आणि आत मोबाइलची रेंज जवळजवळ शून्य. वाय-फाय कॉलिंग चालू होते, चिन्हही दिसत होते. तिचे म्हणणे असे होते: “अरे, मी लावला की लागतो, पण तुम्ही कुणी लावलात तर मला कळतसुद्धा नाही. संध्याकाळी गच्चीवर गेले की मिस्ड कॉलचे मेसेज धडाधड येतात.” या दोन वाक्यांत निदानाचा बराचसा भाग आलेला आहे. गच्चीवर गेल्यावर मेसेज येतात, म्हणजे तोपर्यंत कंपनीचा निरोप या फोनपर्यंत पोहोचत नव्हता. तिने लावलेला फोन मात्र लागतो, म्हणजे सिम, सुविधा, प्राधान्यक्रम आणि टनेल उभारणे या सगळ्या गोष्टी निर्दोष आहेत.

राउटर इथे काय करतो ते पाहू. घरातली सगळी उपकरणे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, म्हणून आतून बाहेर एखादे पॅकेट गेले की राउटर आपल्या तक्त्यात एक नोंद करतो: अमुक फोनच्या अमुक पोर्टवरून तमुक पत्त्याकडे संवाद सुरू आहे. बाहेरून उत्तर आले की ही नोंद पाहून ते योग्य फोनकडे पाठवले जाते. यूडीपीमध्ये संवाद संपल्याची खूण नसते, त्यामुळे राउटर केवळ घड्याळाकडे पाहतो. ठरावीक काळ दोन्ही बाजूंनी काहीच गेले-आले नाही तर नोंद पुसून टाकतो. त्यानंतर कंपनीकडून ‘फोन आला आहे’ असा निरोप टनेलमधून आला, तरी तो कोणत्या उपकरणाचा हे राउटरला कळत नाही आणि तो निरोप मुकाट्याने टाकून दिला जातो. फोनला याचा पत्ता नसतो, म्हणून त्याच्या पडद्यावर वाय-फाय कॉलिंगचे चिन्ह तसेच राहते.

हे टाळण्यासाठी फोन मधूनमधून एक चिमुकले पॅकेट पाठवून नोंद जागती ठेवतो. आयपीसेकसंबंधीच्या आरएफसी 3948 या मानकात या पॅकेटांमधले अंतर मुळात 20 सेकंद सांगितलेले आहे, आणि राउटरसाठी असलेल्या आरएफसी 4787 मध्ये यूडीपीची नोंद 2 मिनिटांच्या आत पुसू नये असे म्हटले आहे. दोन्ही बाजूंनी हे पाळले तर प्रश्न उद्भवणार नाही. पण फोनचा पडदा बंद असताना बॅटरी वाचवण्यासाठी ते अंतर वाढवलेले असू शकते, आणि कित्येक राउटर 2 मिनिटांपेक्षा फार आधी नोंद पुसतात. एकाचे अंतर दुसऱ्याच्या मुदतीपेक्षा मोठे झाले, की मधल्या काळात आलेले सगळे फोन हरवतात.

मावशीकडे हे सिद्ध कसे केले ते सांगतो, कारण ही पद्धत कुठल्याही घरात वापरता येते. तिचा फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून वाय-फाय चालू केले, नोंदणी झाल्यावर लगेच माझ्या फोनवरून तिला फोन लावला, आणि तो वाजला. मग तिच्या फोनचा पडदा बंद करून तो टेबलावर तसाच ठेवला, दहा मिनिटे कोणी हात लावला नाही, आणि पुन्हा फोन लावला; या वेळी ‘संपर्कक्षेत्राच्या बाहेर’. त्यानंतर तिच्या फोनवरून मला एक फोन लावून ठेवून दिला आणि ताबडतोब उलटा लावला, तो वाजला. फोन झोपला की येणारे कॉल बंद आणि तो जागा झाला की सुरू, हा आकृतिबंध दिसला की संशयित दोनच उरतात: झोपेत वाय-फायच बंद करणारा फोन किंवा नोंद लवकर पुसणारा राउटर. त्यांच्यातला दोषी ओळखण्यासाठी तोच फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमच्या हॉटस्पॉटवर जोडून, पुन्हा पडदा बंद करून, तेवढाच वेळ पडू दिला. तिथे फोन वाजला. म्हणजे फोन निर्दोष होता.

तिच्या राउटरवर लिनक्सवर आधारलेली खुली प्रणाली होती, म्हणून तक्ता प्रत्यक्ष पाहता आला. आज्ञा अशी:

```
grep 4500 /proc/net/nf_conntrack
```

दिसलेली ओळ साधारण अशी होती. पत्ते इथे बदललेले आहेत:

```
ipv4 2 udp 17 41 src=192.168.1.23 dst=203.0.113.9
sport=41820 dport=4500 src=203.0.113.9
dst=198.51.100.7 sport=4500 dport=41820 [ASSURED]
```

या ओळीत udp 17 च्या पुढे आलेला 41 हा आकडा म्हणजे नोंद पुसली जायला उरलेले सेकंद. तीच आज्ञा दर काही सेकंदांनी दिली की तो आकडा उतरत जाताना दिसतो, आणि फोनकडून पॅकेट आले की पुन्हा वर चढतो. मावशीचा फोन झोपलेला असताना तो उतरत उतरत शून्याकडे गेला आणि ओळच नाहीशी झाली. मुदत किती ठेवली आहे ते पाहिले, तर ती 60 सेकंद निघाली. कुणीतरी ‘राउटर वेगवान करण्याच्या’ सल्ल्यावरून ती कमी करून ठेवली होती. ती 300 सेकंद केली:

```
sysctl -w net.netfilter.nf_conntrack_udp_timeout_stream=300
```

ही आज्ञा राउटर पुन्हा सुरू होईपर्यंतच लागू राहते, म्हणून net. पासून पुढची ओळ /etc/sysctl.conf या फाइलमध्येही लिहून ठेवावी लागते. त्यानंतर अर्धा तास पडून राहिलेला फोन पहिल्याच रिंगला वाजला. मुदत वाढवल्याने तक्त्यात नोंदी थोड्या जास्त साठतात, पण घरगुती वापरात त्याने राउटरवर भार येत नाही.

सर्वसाधारण राउटरच्या पानावर हीच सेटिंग UDP timeout, UDP session timeout किंवा NAT timeout अशा नावाने असते आणि बहुधा Firewall किंवा Advanced या भागात दडलेली असते. ती सापडली तर 300 सेकंद हा आकडा पुरेसा ठरतो. सापडली नाही तर राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहावे, आणि त्यानेही फरक पडला नाही तर राउटर बदलण्याशिवाय खरा उपाय नाही. घरात इंटरनेट कंपनीचा एक राउटर आणि त्यापुढे आपला दुसरा अशी मांडणी असेल, तर तक्तेही दोन असतात आणि मुदत दोन्हीकडे वाढवावी लागते. यापेक्षा पुष्कळदा सोयीचे असते ते एका राउटरला ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकून एक तक्ता कायमचा काढून टाकणे.

चाचणीत फोनच दोषी ठरला, म्हणजे हॉटस्पॉटवरही झोपेत कॉल हरवले, तर बॅटरी सेव्हर बंद करून पाहावा, आणि पडदा बंद असताना वाय-फाय चालू ठेवण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा. इथे काही चमत्कारिक शोधण्यासारखे नसते.

दोन फोन, त्यांपैकी एकच चालतो

याच कुळातला आणखी एक दोष सांगण्यासारखा आहे, कारण तो फार गोंधळात टाकतो. घरात एकाच कंपनीचे दोन फोन असतात. जो आधी वाय-फायला जोडला जातो त्याची नोंदणी होते, दुसऱ्याची होत नाही, आणि पहिला घराबाहेर गेला की दुसरा सुरळीत चालू लागतो. लोक साहजिकच दुसऱ्या फोनला दोष देतात. प्रत्यक्षात काही राउटरमध्ये IPsec Passthrough नावाची सोय असते. ती जुन्या काळच्या आयपीसेकला मदत करण्यासाठी केलेली आहे, पण काही राउटरमध्ये ती एका वेळी एकाच उपकरणाचा टनेल नीट हाताळते. आजचे फोन पोर्ट 4500 वर जाऊन राउटरमध्ये होणाऱ्या पत्त्याच्या बदलाची काळजी स्वतःच घेतात, त्यामुळे त्यांना या मदतीची गरज उरलेली नसते. ही सेटिंग आहे त्याच्या उलट करावी, राउटर पुन्हा सुरू करावा आणि दोन्ही फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून दोघांची नोंदणी होते का ते पाहावे. उलट करा असे म्हणतो, बंदच करा असे म्हणत नाही, कारण काही राउटरमध्ये ‘बंद’ याचा अर्थ मदत थांबवणे असा असतो, तर काहींमध्ये आयपीसेकची रहदारीच अडवणे असा असतो.

याउलट, SIP ALG, म्हणजे इंटरनेट कॉलच्या निरोपांत बदल करणारी राउटरची सोय, बंद करा हा सल्ला या समस्येसाठी सर्रास दिला जातो आणि तो इथे निरर्थक आहे. कॉलचे सगळे निरोप टनेलच्या आत सांकेतिक रूपात जातात. राउटरला ते दिसतच नाहीत, तर त्यांत ढवळाढवळ कशी करणार? इंटरनेटवर चालणाऱ्या टेबल फोनसाठी तो सल्ला योग्य असू शकतो, पण मोबाइलच्या वाय-फाय कॉलिंगशी त्याचा संबंध नाही.

आवाज तुटत असेल तर

फोन लागतो आणि येतोही, पण बोलताना शब्द गळतात, ही तक्रार वेगळी आहे. एका कॉलला प्रत्येक दिशेने, सगळी आवरणे धरूनही, 100 किलोबिट प्रतिसेकंदाच्या आतच जागा लागते, त्यामुळे इंटरनेटची योजना वाढवून घेण्याने येथे काहीही साधत नाही. कारण बहुधा दोहोंपैकी एक असते. पहिले म्हणजे ज्या खोलीत बोलायचे तिथे वाय-फायच क्षीण आहे. त्यासाठी राउटरची जागा बदलावी किंवा त्या खोलीजवळ ॲक्सेस पॉइंट बसवावा. दुसरे म्हणजे त्याच वेळी कुठले तरी उपकरण फोटो किंवा व्हिडिओ वर चढवत असते, अपलोडची रांग तुंबते आणि आवाजाची पॅकेटे त्या रांगेत उभी राहतात. फोटोंचा बॅकअप थांबवून पुन्हा बोलून पाहिले की हे कारण आहे की नाही ते लगेच कळते. ते असेल तर राउटरमधल्या QoS किंवा SQM या सोयीने अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली बांधून द्यावी.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. वाय-फायवरून केलेल्या आपत्कालीन कॉलमध्ये कॉल करणाऱ्याचे ठिकाण टॉवरवरून ठरवता येत नाही. म्हणूनच काही देशांत ही सुविधा सुरू करताना पत्ता विचारला जातो आणि घर बदलल्यावर तो स्वतःहून बदलावा लागतो. शिवाय वीज गेली की राउटरही जातो आणि त्याबरोबर वाय-फाय कॉलिंगही. ज्या घरात रेंज मुळीच नाही आणि वृद्ध माणूस एकटा राहतो, तिथे राउटर आणि मॉडेम या दोन्हींसाठी छोटा यूपीएस बसवावा असे माझे ठाम मत आहे.

कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली तर

वरच्या सगळ्या चाचण्यांनंतरही नोंदणीच होत नसेल, तर प्रश्न मोबाइल कंपनीच्या बाजूचा असू शकतो. तेव्हा ‘वाय-फाय कॉलिंग चालत नाही’ एवढेच सांगितले, तर फोन बंद करून चालू करायला सांगितले जाईल आणि संभाषण तिथेच संपेल. त्याऐवजी असे सांगावे: एअरप्लेन मोडमध्ये केवळ वाय-फायवर नोंदणी होत नाही, घरच्या आणि दुसऱ्या एका जोडणीवरही होत नाही, फोनचे मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती अमुक आहे, व्होल्टी मात्र चालते. व्होल्टी चालत असेल तर कंपनीच्या कॉल यंत्रणेत तुमचे खाते नीट आहे, म्हणून तक्रार हाताळणाऱ्याला फक्त वाय-फाय कॉलिंगची सुविधा त्या क्रमांकावर काढून पुन्हा चढवायला सांगता येते. ती पुन्हा चढवल्यावर फोन एकदा पूर्ण बंद करून चालू करावा आणि एअरप्लेन मोडची चाचणी पुन्हा घ्यावी. व्होल्टीही चालत नसेल, तर आधी ती तक्रार नोंदवावी.